मीटरचा दिवा तेवढाच लुकलुकतो, अँपिअर मात्र कमी होतात: एक अश्वशक्तीच्या चक्कीला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर

नागपुरात गल्लोगल्ली दिसणारी छोटी पिठाची चक्की या लेखासाठी घेतली आहे. सिंगल फेज, एक अश्वशक्तीची मोटर, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. चक्कीच निवडायचं कारण एवढंच, की हॉपरमध्ये ज्वारी भरलेली असली की तिचा भार बराच वेळ स्थिर राहतो आणि मोजमाप नीट घेता येतं. मिरची कांडपाच्या डंकीवर अँपिअरचा काटा ठोक्याठोक्याला नाचतो, शिकायला ती सोयीची नाही. इथले आकडे या एका मोटरचे आहेत. तुमची मोटर वेगळी असेल तर तिचे आकडे स्वतः मोजून घ्या, पद्धत तीच राहील.

आधी मोटर ओळखा

सिंगल फेज मोटरवर कपॅसिटर दिसला की नवीन माणसाला वाटतं, पॉवर फॅक्टरचं काम आधीच झालेलं आहे. तो कपॅसिटर बहुतेक वेळा दुसऱ्याच कामाचा असतो. मोटर सुरू होताना तिला फिरायची दिशा मिळावी म्हणून सहायक वाइंडिंगच्या मालिकेत एक काळा, बॅकेलाइटच्या डब्याचा स्टार्ट कपॅसिटर असतो. मोटरने वेग घेतला की आतला सेंट्रिफ्युगल स्विच 'टक्' आवाज करून त्याला सर्किटमधून बाहेर काढतो. त्यानंतर मोटर फक्त मुख्य वाइंडिंगवर चालते आणि तिचा पॉवर फॅक्टर ०.६ ते ०.७ च्या आसपास राहतो. आपलं काम आहे ते या जातीच्या मोटरशी.

काळ्या डब्याशेजारी पांढरा किंवा ॲल्युमिनियमचा दुसरा कपॅसिटर असेल, तर तो रन कपॅसिटर. तो मोटर चालू असताना सहायक वाइंडिंगसोबत कायम जोडलेला राहतो. अशा मोटरचा पॉवर फॅक्टर बहुधा मुळातच चांगला असतो, त्यामुळे तिच्यावर आणखी कपॅसिटर चढवून फारसं काही हाती लागत नाही. कूलरच्या पंख्यातला दोन-तीन मायक्रोफॅरडचा छोटा डबा याच जातीचा. त्याला हात लावू नका आणि 'थोडा मोठा टाकून पाहू' असंही करू नका. सहायक वाइंडिंगमधला करंट वाढून ती जळते.

तीन पॉवर, एकाच मोटरमध्ये

मोटर विजेचा दोन प्रकारे वापर करते. एक भाग दगड फिरवण्यात, बेअरिंगच्या घर्षणात आणि तारेच्या तापण्यात खर्च होतो. तो परत येत नाही. ही रिअल पॉवर, वॅटमध्ये मोजतात.

दुसरा भाग गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभं करायला लागतो, पण तो खर्च होत नाही. क्षेत्र वाढताना मोटर ऊर्जा ओढते आणि क्षेत्र ओसरताना तीच ऊर्जा तारेतून मागे ढकलते. ५० हर्ट्झवर ही देवघेव सेकंदाला १०० वेळा होते. शेजारून वाटीभर साखर उसनी आणावी, लगेच परत करावी आणि पुन्हा आणायला निघावं, तसं. साखर संपत नाही, पण येरझारा चालूच राहतात आणि त्यात वाट अडते. या उसनवारीला रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात, एकक व्हार.

तारेला मात्र खर्च कोणता आणि उसनं कोणतं हे कळत नाही. तिच्यातून दोन्हीचा मिळून करंट वाहतो. व्होल्टेज गुणिले तो एकूण करंट म्हणजे ॲपरंट पॉवर, एकक व्होल्ट-अँपिअर. जनरेटरवर, स्टॅबिलायझरवर आणि महावितरणच्या ट्रान्सफॉर्मरवर केव्हीए लिहिलेलं असतं ते याचसाठी, कारण त्यांच्या वाइंडिंगला सोसावा लागतो तो एकूण करंट. ॲपरंटपैकी रिअल किती, हे प्रमाण म्हणजे पॉवर फॅक्टर.

मोजमाप: एक क्लॅम्प मीटर आणि भिंतीवरचं मीटर

व्होल्टेज आणि करंट क्लॅम्प मीटरने मिळतात. क्लॅम्पच्या जबड्यात फक्त फेजची एकच तार घ्या. दोन्ही तारा एकत्र घेतल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि स्क्रीनवर शून्य दिसतं. नवख्यांची ही सर्वांत नेहमीची चूक. चक्कीच्या केबलमध्ये तारा एकाच आवरणात असतात, म्हणून मोजणी बोर्डाच्या आत, फेजची तार सुटी दिसते तिथे करावी लागते. बोर्ड उघडायचा असेल तर परवानाधारक वायरमनला सोबत घ्या.

वॅट मोजायला वेगळं यंत्र नसलं तरी अडत नाही. महावितरणच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा छोटा लाल दिवा असतो आणि शेजारी `3200 imp/kWh` असा मजकूर छापलेला असतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, तो वाचून घ्या. घरातलं बाकी सगळं बंद करा. फ्रिज विसरू नका, तो मधेच सुरू झाला की मोजणी वाया जाते. ज्वारी भरून चक्की दोन-तीन मिनिटं चालू द्या आणि मग घड्याळ लावून ६० सेकंदांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा.

आपल्या चक्कीवर ५६ वेळा लुकलुकला. त्याच वेळी क्लॅम्प मीटरवर २३० व्होल्ट आणि ६.५ अँपिअर होते.

```
P  = 56 × 3600000 / (3200 × 60) = 1050 W
S  = 230 × 6.5 = 1495 VA
PF = 1050 / 1495 = 0.70
Q  = √(1495² − 1050²) ≈ 1064 var
```

आता हॉपर रिकामा होऊ द्या आणि दगडांमध्ये थोडं अंतर ठेवून मोटर मोकळी फिरवा. ही दुसरी मोजणी बरेच जण टाळतात आणि पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. मोकळ्या चक्कीवर दिवा मिनिटाला १६ वेळा लुकलुकला, म्हणजे ३०० वॅट. करंट मात्र ४.४ अँपिअर. हिशेब केला तर ॲपरंट पॉवर १०१२ व्होल्ट-अँपिअर, पॉवर फॅक्टर जेमतेम ०.३० आणि रिॲक्टिव्ह पॉवर ९६७ व्हार.

दोन्ही मोजण्या शेजारी ठेवून पाहा. रिअल पॉवर १०५० वरून ३०० वर घसरली, पण रिॲक्टिव्ह १०६४ वरून ९६७ वर, म्हणजे जवळपास जागच्या जागी. गाभ्याला चुंबकत्व लागतंच, मग ज्वारी असो वा नसो. म्हणून अशा मोटरला एकच ठरावीक कपॅसिटर पुरतो आणि तो किती मोठा चालेल याची मर्यादाही हीच मोकळी मोजणी ठरवते.

कपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा

कपॅसिटरसुद्धा ऊर्जा उसनी घेतो आणि परत करतो, पण मोटरच्या बरोबर उलट्या वेळी. मोटर ओढत असते तेव्हा तो सोडत असतो. दोघं शेजारी बसले की देवघेव त्यांच्यातच होते आणि मागच्या तारेतल्या येरझारा कमी होतात.

पॉवर फॅक्टर ०.९५ च्या जवळ न्यायचा असं धरू. ०.९५ ला रिॲक्टिव्ह पॉवर रिअल पॉवरच्या ०.३२९ पट असते.

```
Q (0.95 ला)  = 1050 × 0.329 ≈ 345 var
Qc           = 1064 − 345 = 719 var
C            = 719 / (2π × 50 × 230²) ≈ 43 µF
```

पाठ ठेवायचं असेल तर एवढं पुरे: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर एक मायक्रोफॅरड म्हणजे साधारण १६.६ व्हार. आता ४३ बाजारात मिळत नाही, ४० मिळतो. ४० घेतला तर ६६५ व्हार भरून निघतात, ३९९ उरतात, पॉवर फॅक्टर ०.९३ ते ०.९४ येतो आणि करंट ६.५ वरून ४.९ अँपिअरवर उतरतो.

घ्यायच्या आधी मर्यादा तपासा. रूढ नियम असा, की मोटरला थेट जोडलेल्या कपॅसिटरचे व्हार मोकळ्या मोटरच्या रिॲक्टिव्ह पॉवरच्या ९० टक्क्यांपुढे जाऊ नयेत. आपल्याकडे ९६७ चे ९० टक्के म्हणजे ८७०, म्हणजेच साधारण ५२ मायक्रोफॅरड. ४० बिनधास्त चालेल.

मग थेट १.० का गाठायचा नाही? त्यासाठी एकूण ६४ मायक्रोफॅरड लागतील. पहिल्या ४० नी करंट १.६ अँपिअरने उतरवला, पुढचे २४ फक्त ०.३ अँपिअरने उतरवतील. शिवाय चक्की मोकळी असताना ६४ मायक्रोफॅरड गरजेपेक्षा जास्त होतात आणि पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला, लीडिंगमध्ये जातो. त्याहून वाईट घडतं ते बटण बंद केल्यावर. जड दगडामुळे मोटर काही काळ फिरत राहते, मोठा कपॅसिटर तिला चुंबकत्व पुरवत राहतो आणि मोटर जनरेटरसारखी वागू लागते. पुरवठा तोडलेला असूनही टर्मिनलवर व्होल्टेज राहतं, कधी २३० च्या वरही चढतं. ९० टक्क्यांचा नियम त्यासाठीच आहे.

दुकानात काय मागायचं

इतवारीत किंवा सीताबर्डीत इलेक्ट्रिकच्या दुकानात नुसतं 'एक एचपीचा कपॅसिटर द्या' म्हणालात तर दुकानदार स्टार्ट कपॅसिटर काढून देईल, कारण रोज तोच खपतो. तो काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेला इलेक्ट्रोलिटिक असतो. कायम जोडून ठेवला तर काही मिनिटांत तापतो, फुगतो आणि फुटतो. मागायचा तो ४० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी, मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचा, मोटर रन जातीचा.

४४० व्होल्ट कशाला, असं विचारलं जातं. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्टवर जातं, त्यात रात्री भार उतरल्यावर व्होल्टेज २५० ला टेकलं तर आणखी वर. २५० व्होल्टच्या डब्याला त्यात हात-पाय हलवायला जागाच उरत नाही. डब्यावर `25/70/21` किंवा `25/85/21` असं काहीतरी छापलेलं असतं. मधला आकडा म्हणजे डबा जास्तीत जास्त किती अंश तापमान सोसेल तो. मे महिन्यात नागपुरात सावलीतच ४५ अंश होतात, मग पत्र्याच्या खोलीत मोटरशेजारी किती होत असतील याचा अंदाज करा. दोन पैसे जास्त गेले तरी ८५ वाला घ्या.

इथे आणखी एक सापळा आहे. पॉवर फॅक्टरचे म्हणून जे कपॅसिटर विकले जातात, त्यांच्यावर मायक्रोफॅरडऐवजी केव्हीएआर मोठ्या अक्षरात असतं आणि तो आकडा ४१५ किंवा ४४० व्होल्टवरचा असतो. व्हार व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. ४४० व्होल्टवर १ केव्हीएआर देणारा सिंगल फेज डबा २३० व्होल्टवर फक्त २७३ व्हार देतो. '७१९ लागतात, १००० घेतला, म्हणजे भरपूर झाला' अशा हिशेबाने जोडल्यावर पॉवर फॅक्टर ०.८० च्या पुढे सरकतच नाही. म्हणून मायक्रोफॅरडमध्येच बोला.

बाकी सामान थोडंच: १०० किलोओहमचे, १ वॅटचे दोन रेझिस्टर, ६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, आवरणासाठी हवेशीर पत्र्याची किंवा न पेटणाऱ्या प्लॅस्टिकची पेटी आणि नीट दाबलेले लग.

जोडणी

मेन बंद करा, मीटरने दोन्ही तारांवर व्होल्टेज नाही याची खात्री करा. मग या क्रमाने चला.

१. दोन्ही रेझिस्टर एकापुढे एक जोडून कपॅसिटरच्या दोन टर्मिनलांवर आडवे बसवा. बंद केल्यावर डब्यात उरलेला भार यांतून निघून जातो: ३२५ व्होल्टवरून ५० व्होल्टवर यायला साधारण १५ सेकंद. दोन रेझिस्टर मालिकेत घ्यायचे ते व्होल्टेज वाटून जावं म्हणून, एकट्याला ते झेपेलच असं नाही. डब्यातच डिस्चार्ज रेझिस्टर आहे असं लेबलवर असेल तर ही पायरी सोडा.

२. कपॅसिटर मोटरच्या समांतर, म्हणजे एक तार फेजला आणि एक न्यूट्रलला. मालिकेत नाही आणि स्टार्ट कपॅसिटरच्या टर्मिनलवर तर मुळीच नाही. त्याच्या फेजच्या तारेत ६ अँपिअरचा एमसीबी.

३. जोडायची जागा स्टार्टरच्या काँटॅक्टरनंतर. मोटर बंद झाली की कपॅसिटरही सुटला पाहिजे. काँटॅक्टरच्या आधी जोडला तर चक्की बंद असताना रात्रभर त्यातून २.९ अँपिअर उगाच वाहत राहतील.

४. स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असेल तर कपॅसिटर काँटॅक्टर आणि रिले यांच्या मधे जोडा. रिलेच्या पुढे, थेट मोटरच्या पेटीत जोडलात तर रिलेला ६.५ ऐवजी ४.९ अँपिअरच दिसतील. ७ अँपिअरवर लावलेला रिले मग मोटर जास्त तापली तरी पडणार नाही. मोटरच्या पेटीत जोडण्यावाचून पर्यायच नसेल तर रिलेचं सेटिंग त्याच प्रमाणात खाली आणा.

५. डबा मोटरच्या अंगाला चिकटवू नका, पिठाची धूळ साचेल अशा कोपऱ्यातही नको. पत्र्याची पेटी असेल तर अर्थिंग करा.

पुढे कधी उघडायची वेळ आली तर बंद केल्यावर मिनिटभर थांबा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून तपासा. रेझिस्टर तुटलेला असू शकतो आणि नियॉन टेस्टरवर भरवसा ठेवता येत नाही. स्क्रू-ड्रायव्हरने टर्मिनल शॉर्ट करून 'फटाका' काढायची सवय बऱ्याच जणांना असते. त्याने डब्याची आतली जोडणी कमकुवत होते आणि महिनाभराने तो कोणाला न सांगता निकामी होतो.

जोडल्यावर तीन ठिकाणी मोजा

ज्वारी भरून चक्की चालू करा आणि क्लॅम्प तीन ठिकाणी लावा. बोर्डाकडून येणाऱ्या तारेत ४.९, कपॅसिटरच्या तारेत २.९, मोटरच्या तारेत ६.५.

इथे नवीन माणूस हमखास अडखळतो. ४.९ आणि २.९ मिळून ७.८ होतात, मग मोटरकडे ६.५ कसे? आणि मोटरचा करंट तर कमी झालाच नाही! दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. हे करंट एका वेळी शिखरावर येत नाहीत, म्हणून त्यांची सरळ बेरीज होत नाही. करंटचे दोन भाग पाडा. खर्चाचा भाग १०५० भागिले २३०, म्हणजे ४.५७ अँपिअर. उसनवारीचा भाग १०६४ भागिले २३०, म्हणजे ४.६३ अँपिअर. हे दोन काटकोनात आहेत, म्हणून एकूण येतो वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ:

```
मोटर  : √(4.57² + 4.63²) = 6.5 A
बोर्ड : √(4.57² + (4.63 − 2.89)²) = 4.9 A
```

कपॅसिटर फक्त उसनवारीच्या भागातून वजा होतो. खर्चाचे ४.५७ जसेच्या तसे. मोटरला हवे असलेले ६.५ तिला मिळतातच, फक्त त्यातला मोठा हिस्सा आता शेजारच्या डब्यातून येतो. त्यामुळे मोटरची वाइंडिंग पूर्वीइतकीच तापेल. 'कपॅसिटर लावल्यावर मोटर थंड चालते' असं कोणी सांगत असेल तर मोटरच्या तारेवर क्लॅम्प लावून दाखवा.

मोकळ्या चक्कीवर फरक आणखी ठळक दिसतो. बोर्डाकडचा करंट ४.४ वरून १.८५ वर येतो.

आता पुन्हा मीटरसमोर उभं राहून ज्वारी चालू असताना दिवा मोजा. मिनिटाला ५६. एकाचाही फरक नाही.

बिलावर काय होतं, काय नाही

घरगुती आणि छोट्या सिंगल फेज जोडणीचं बिल kWh वर, म्हणजे रिअल पॉवरवर निघतं. कपॅसिटरने ती बदलत नाही, हे ५६ च्या मोजणीने दिसलंच. प्लगात खोचायचे 'पॉवर सेव्हर' डबे उघडले तर आत बहुधा काही मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा निघतो. दाखवताना विक्रेता क्लॅम्प मीटरवर अँपिअर उतरलेले दाखवतो आणि ते खरंच उतरतात. बिल अँपिअरवर निघत नाही, एवढीच बाब तो सांगत नाही. उच्चदाबाच्या आणि मोठ्या जोडभाराच्या ग्राहकांचं बिल मात्र kVAh वर, म्हणजे ॲपरंट पॉवरवर निघतं. तिथे कपॅसिटरचा पैसा थेट परत येतो. तिथे जास्त मोठा कपॅसिटर लावला तर लीडिंगमुळेही kVAh वाढतात.

मग चक्कीवाल्याने का लावावा? लांब केबल असेल तर थोडी बचत आहे. समजा चक्की मीटरपासून ६० मीटरवर, मागच्या पडवीत आहे आणि तिथवर दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार गेली आहे. जाऊन-येऊन १२० मीटर, रोध साधारण १.४५ ओहम. ६.५ अँपिअरला या तारेत ६१ वॅट उष्णता होऊन जातात, ४.९ ला ३५ वॅट. वाचले २६ वॅट. चक्की रोज चार तास चालली तर महिन्याला सुमारे तीन युनिट. कपॅसिटर चक्कीजवळ लावला तरच हे मिळतं. मीटरजवळ लावला तर केबलमधून ६.५ च वाहत राहतात आणि बचत शून्य.

या ठिकाणी एक गैरसमज जाणत्या वायरमनचाही असतो: 'उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, कपॅसिटर लावा, उचलेल.' बारीक तारेत तसं होत नाही. अशा तारेत रोधच मुख्य असतो, रिॲक्टन्स नावापुरता. रोधावरची व्होल्टेजची घट जवळपास सगळी खर्चाच्या करंटमुळे होते आणि तो तर ४.५७ च राहिला. आपल्या केबलमध्ये आधीही साधारण ६.६ व्होल्ट पडत होते, नंतरही तेवढेच पडतात. तिथे उपाय तार जाड करणं, अडीच किंवा चार चौरस मिलिमीटरची. व्होल्टेज उचलण्याचा परिणाम ट्रान्सफॉर्मर आणि लांब ओव्हरहेड लाइनसारख्या जास्त रिॲक्टन्स असलेल्या ठिकाणी दिसतो.

खरा उपयोग होतो तो केव्हीएच्या मर्यादेत अडकलेल्या माणसाला. २ केव्हीएच्या स्टॅबिलायझरवर चक्कीने १४९५ व्होल्ट-अँपिअर खाल्ले होते, आता ती ११२३ खाते. उरलेल्या जागेत दुसरं छोटं यंत्र चालू शकतं. पण दोन्ही एकदम सुरू करू नका. सुरू होतानाचा करंट चालू करंटच्या कित्येक पट असतो आणि त्याला हा कपॅसिटर फार कमी करत नाही.

कुठे लावायचा नाही

एलईडी दिवे, संगणक, मोबाइल चार्जर यांचा पॉवर फॅक्टर कमी असतो, पण तिथे दोष चुंबकत्वाच्या उसनवारीचा नाही. ते करंट शिखराजवळ तुकड्यातुकड्याने ओढतात, म्हणजे लाटेचा आकारच बिघडलेला असतो. समांतर कपॅसिटर त्याला दुरुस्त करू शकत नाही. उलट वरच्या वारंवारतेचा करंट त्याच्यातून सहज जातो आणि तो तापतो.

इन्व्हर्टरच्या, विशेषतः चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरच्या आउटपुटवर तर नकोच. लाटेच्या उभ्या कडेला कपॅसिटर मोठा करंट ओढतो आणि इन्व्हर्टरचे स्विचिंग ट्रान्झिस्टर जातात. मोटरचा वेग बदलणारी व्हीएफडी किंवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मोटर यांच्या मधेही याच कारणाने नाही. छोट्या जनरेटरवर चक्की मोकळी फिरत असताना लीडिंग होणार नाही याची खात्री असेल तरच लावा, नाहीतर जनरेटरचं व्होल्टेज वर चढतं.

बिघाड कसा ओळखायचा

पॉलिप्रॉपिलीनचा कपॅसिटर सहसा एकदम जात नाही. व्होल्टेजचा झटका बसला की फिल्मवरचा एखादा सूक्ष्म भाग जळतो आणि तेवढी जागा सोडून बाकीचा डबा चालू राहतो. असं होत होत मायक्रोफॅरड कमी होत जातात. म्हणून दर उन्हाळ्याच्या आधी आणि नंतर कपॅसिटरच्या तारेवर क्लॅम्प लावा. २३० व्होल्टवर ४० मायक्रोफॅरडला २.९ अँपिअर यायला हवेत. व्होल्टेज वेगळं असेल तर त्याच प्रमाणात बदल धरा: २१० व्होल्टवर २.६४ अँपिअर हे निरोगी डब्याचंच लक्षण आहे. २३० वर २.६ दिसले तर डबा ३६ वर आलाय, बदला. शून्य दिसले तर आधी त्याचा एमसीबी आणि लग पाहा, सैल लग काळा पडलेला सापडतो. डब्याचं झाकण फुगलं असेल किंवा बुडाशी तेलकट ओल असेल तर मोजत बसू नका.

एमसीबी वारंवार पडत असेल आणि डबा ठीक मोजत असेल, तर मेन लाइनवर काय बदललं ते शोधा. त्याच फेजवर शेजारी वेल्डिंगचं यंत्र किंवा मोठा कपॅसिटर बँक आला असेल तर वरच्या वारंवारतेचा करंट तुमच्या डब्यात येतो आणि तो नेहमीपेक्षा जास्त तापतो. अशा वेळी ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटरने मोजा. साधं मीटर तो जास्तीचा करंट नीट दाखवत नाही आणि २.९ च वाचत राहतं.